लॉगआउट केलं म्हणजे नक्की काय झालं? मावशीचा मेल, झेरॉक्सचं दुकान आणि चपलांचा बिल्ला

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दूरसंचार विभागाने व्हॉट्सअॅप, टेलिग्राम, सिग्नल वगैरे अॅपसाठी एक आदेश काढला. त्यातली एक गोष्ट अशी होती की कॉम्प्युटरवर चालणारी वेब आवृत्ती जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप लॉगआउट झाली पाहिजे, मग परत क्यूआर कोड स्कॅन करा. बातमी आली त्या दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर नुसता गोंधळ, कोणी म्हणे दिवसातून चार वेळा फोन काढायचा का, कोणी म्हणे बरं झालं, आणि मावशीचा प्रश्न सगळ्यात भारी होता: "अरे पण मी काम झालं की टॅब बंद करते, मग लॉगआउट होतंच ना?"

नाही होत मावशी. आणि हे तिला माहीत असायला हवं होतं कारण त्याच वर्षी जूनमध्ये तिने झेरॉक्सच्या दुकानात माझ्या बहिणीच्या अॅडमिशनचे कागद प्रिंट करायला स्वतःचा मेल उघडला, प्रिंट घेतल्या, टॅब बंद केला, पैसे दिले आणि घरी आली. संध्याकाळी मला फोन, की मेल तिकडे उघडा तर नसेल ना राहिला, आता काय दुकानात परत जाऊ का, ते तर आठला बंद होतं.

मी दिवसभर हेच काम करतो, म्हणजे लॉगिन, सेशन, डिव्हाइसची यादी हा भाग लिहिणाऱ्यांपैकी मी एक. तर तिला जे फोनवर समजावलं ते जरा नीट लिहून काढतो.

लॉगिन एकदाच होतं, नंतर चालतो तो बिल्ला

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा, ती म्हणजे आपण मेल उघडला की तो "चालू" राहतो, टीव्हीसारखा. तसं काही नसतं. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं म्हणजे फोन कॉल नाही, सुटी सुटी पत्रं आहेत. तुम्ही इनबॉक्स मागितला, एक पत्र गेलं, उत्तर आलं, विषय संपला. पुढच्या क्लिकला सर्व्हरला तुम्ही कोण हे अजिबात आठवत नाही, त्याच्यासाठी तुम्ही परत अनोळखी.

मग दर क्लिकला पासवर्ड मागायचा का? तसं केलं तर कोणी वापरणारच नाही. म्हणून देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडसारखी सोय केलीये. पहिल्यांदा चप्पल दिली की तो माणूस तुम्हाला नंबरचा बिल्ला देतो, नंतर तो तुमचं नाव विचारत नाही, चेहरा बघत नाही, बिल्ला दाखवा आणि चप्पल घ्या. पासवर्ड आणि ओटीपी ही फक्त बिल्ला मिळवायची किंमत आहे. ती एकदा मोजली की सर्व्हर एक लांबलचक, अंदाज न लागणारा नंबर बनवतो, स्वतःच्या वहीत "हा नंबर म्हणजे मावशी" असं लिहून ठेवतो आणि तोच नंबर ब्राउझरला देतो. ब्राउझरने जपून ठेवलेल्या या चिठ्ठीला कुकी म्हणतात, आणि बिल्ला दिल्यापासून तो रद्द होईपर्यंतच्या काळाला सेशन. कुकीची कल्पना १९९४ ची आहे, नेटस्केपमधल्या लू मॉन्टुली नावाच्या इंजिनिअरची, आणि इतक्या वर्षांनी आपण अजून तिच्यावरच जगतोय.

सर्व्हर बिल्ला देतो तेव्हा ती ओळ साधारण अशी असते:

```
Set-Cookie: sid=u7Qe...x2; Max-Age=2592000; Secure; HttpOnly; SameSite=Lax
```

`sid` म्हणजे बिल्ल्याचा नंबर (इथे छाटलाय, खरा बराच लांब असतो). `Max-Age` सेकंदात आहे, तो आकडा म्हणजे ३० दिवस. आता मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: टॅब बंद केला म्हणजे तुम्ही फक्त काउंटरपासून बाजूला झालात, बिल्ला दुकानातल्या ब्राउझरच्या खिशातच राहिला, आणि वरच्या ओळीच्या हिशोबाने तो ३० दिवस चालतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच कॉम्प्युटरवर मेलचा पत्ता टाकला की समोर मावशीचा इनबॉक्स.

वहीतली एक ओळ म्हणजे एक लॉगिन

मावशीचा स्वतःचा फोन आहे, घरी बहिणीचा लॅपटॉप आहे आणि आता हे झेरॉक्सचं दुकान. तिन्हीकडे एकच बिल्ला नसतो, प्रत्येक लॉगिनला नवीन मिळतो. वहीत तीन वेगळ्या ओळी. प्रत्येक ओळीत साधारण इतकं असतं: कोणाचं खातं, बिल्ल्याचा नंबर (शहाणी मंडळी तो जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याचा उलट न फिरवता येणारा ठसा ठेवतात, म्हणजे वही चोरीला गेली तरी बिल्ले बनवता येऊ नयेत), कधी दिला, शेवटचा कधी दिसला, कुठल्या आयपी पत्त्यावरून आला आणि ब्राउझरने स्वतःची काय ओळख सांगितली.

सेटिंगमध्ये "तुमची डिव्हाइस" किंवा "कुठे लॉगिन आहे" असं जे पान दिसतं ना, ते म्हणजे या वहीतल्या तुमच्या नावाच्या ओळी, बाकी काही नाही. आणि समोरचं "साइन आउट" बटण म्हणजे ती एक ओळ खोडणं. दूर बसून लॉगआउट करणं ऐकायला जादू वाटते, जणू आपण पुण्यातून साताऱ्यातल्या कॉम्प्युटरला हुकूम पाठवतोय. प्रत्यक्षात त्या कॉम्प्युटरला काहीच पाठवलं जात नाही, तो बंद असला तरी चालतं. बिल्ला तिकडे खिशात तसाच असतो, फक्त पुढच्या वेळी दाखवला की स्टँडवाला वही बघतो आणि म्हणतो असा नंबर आमच्याकडे नाही, जा परत लॉगिन करा.

कोडमध्ये "हे सोडून बाकी सगळीकडून बाहेर काढा" हे बटण एवढंसं असतं:

```
DELETE FROM sessions WHERE user_id = 4127 AND id <> 88;
```

४१२७ म्हणजे मावशी, ८८ म्हणजे आत्ता तिच्या हातात असलेल्या फोनची ओळ, ती सोडायची नाहीतर बटण दाबणाराच बाहेर पडतो. जीमेलने ही सोय २००८ मध्ये आणली. अजूनही कॉम्प्युटरवर जीमेल उघडून अगदी खाली उजवीकडे गेलात तर बारीक अक्षरात "Details" दिसेल, त्यात शेवटच्या वापराची यादी आणि बाकीच्या वेब सेशनमधून बाहेर पडायचं बटण आहे. ते फारच कोपऱ्यात ठेवलंय, मला तर ते तिथे आहे हे कळायलाच कितीतरी वर्षं लागली.

मावशीला मी फोनवरच गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर नेलं (पत्ता लक्षात ठेवायचा तर `myaccount.google.com/device-activity`), तिथे पाच डिव्हाइस दिसत होती, त्यातलं "विंडोज" लिहिलेलं दुपारी तीनच्या आसपासचं दाबलं, साइन आउट केलं, दोन मिनिटांचं काम. पण मग तिने यादी नीट वाचली आणि पुढचे प्रश्न सुरू झाले.

"यात मुंबई लिहिलंय, मी तर साताऱ्यात आहे"

हा प्रश्न शंभरातल्या नव्वद जणांना पडतो आणि घाबरायला होतं. त्या गावाचं नाव जीपीएसवरून आलेलं नसतं, आयपी पत्त्यावरून अंदाजाने काढलेलं असतं. आणि मोबाइल डेटावर तुमचा फोन थेट जगासमोर येतच नाही, कंपनी हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे उभं करते आणि तो पत्ता बऱ्याचदा मोठ्या शहरातल्या यंत्रणेच्या नावावर असतो. साताऱ्यातला फोन मुंबईत दिसणं यात काही नवल नाही. घरच्या वायफायवर तोच फोन वेगळं गाव दाखवेल, कारण पत्ता वेगळा. म्हणून गावापेक्षा वेळ बघा. दुपारी तीन वाजता आपण कुठे होतो हे आपल्याला आठवतं, आणि त्या वेळी कुठल्या यंत्रावर लॉगिन केलं हेही.

डिव्हाइसच्या नावाचीही तीच गत. ब्राउझर दर पत्रात स्वतःची ओळख सांगतो, आणि आजकाल अँड्रॉइडवरचा क्रोम ती अशी सांगतो:

```
Mozilla/5.0 (Linux; Android 10; K) AppleWebKit/537.36 (KHTML, like Gecko) Chrome/126.0.0.0 Mobile Safari/537.36
```

फोन कुठल्याही कंपनीचा असो, अँड्रॉइड १० असो की १५, क्रोम सगळ्यांसाठी "Android 10, K" च सांगतो. हे २०२३ पासून मुद्दाम केलंय, कारण फोनचं मॉडेल आणि आवृत्ती बघून जाहिरातवाले माणसाचा माग काढायचे. चांगलंच केलं, पण त्यामुळे ज्या वेबसाइटच्या यादीचा कोड जुना आहे तिथे तुमचा नवाकोरा फोन "अँड्रॉइड १०, K" म्हणून दिसतो आणि लोक विचारतात हा K कोण. विंडोज ११ सुद्धा या ओळखीत विंडोज १० म्हणूनच येतं. मी स्वतः एका कामात ही यादी केली होती तेव्हा पहिल्या आठवड्यात अर्ध्या तक्रारी या K च्याच होत्या, शेवटी आम्ही तिथे सरळ "अँड्रॉइड फोन, क्रोम" एवढंच लिहिलं, खोटं नाव दाखवण्यापेक्षा कमी दाखवलेलं बरं. फोनमधलं अॅप असेल तर ते खरं मॉडेल सांगू शकतं, म्हणून अॅपच्या ओळी जास्त ओळखीच्या वाटतात.

"माझी दोनच यंत्रं आहेत, यादीत पाच कशी?"

कारण यादी यंत्रांची नसतेच, बिल्ल्यांची असते, पान मात्र "डिव्हाइस" म्हणतं आणि तिथे सगळा घोळ होतो.

एकाच लॅपटॉपवर क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये लॉगिन केलं तर दोन बिल्ले, दोन ओळी. इन्कॉग्निटोमध्ये केलं तर तिसरी, आणि इन्कॉग्निटोची खिडकी बंद केली की ब्राउझर बिल्ला फेकून देतो पण सर्व्हरला सांगत नाही, त्यामुळे वहीत ओळ जिवंतच. "हिस्टरी आणि कुकी साफ करा" केलं की तेच होतं, आपल्याला वाटतं लॉगआउट झालो पण झालं एवढंच की आपण बिल्ला हरवला. अशा भुतासारख्या ओळी मुदत संपेपर्यंत यादीत लटकत राहतात. त्या खोडल्याने काही बिघडत नाही, बिनधास्त खोडा. मोठ्या कंपन्या एकाच यंत्राच्या ओळी एकत्र करून दाखवायचा प्रयत्न करतात पण तो अंदाजच असतो.

"आत्ता सक्रिय" या शब्दावरही फार भरवसा ठेवू नका. शेवटचं कधी दिसलं ही वेळ दर क्लिकला वहीत लिहायची म्हटली तर वही लिहिण्यातच सर्व्हर दमून जाईल, म्हणून बरेच जण ती दर काही मिनिटांनी एकदा लिहितात. शिवाय गूगलच्या पानावर गेल्या काही आठवड्यांत लॉगआउट झालेली डिव्हाइससुद्धा दिसतात, बाजूला बारीक "साइन आउट केलेलं" असं लिहिलेलं असतं आणि ते न वाचता लोक घाबरतात.

"लॉगआउट केलं तरी तिकडे चालूच होतं"

ही तक्रार खरी असते, आणि याची तीन वेगवेगळी कारणं आहेत.

पहिलं सोपं. स्क्रीनवर जे आधीच आलंय ते परत घेता येत नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर मेल उघडा असताना तुम्ही घरून ओळ खोडली तर तो उघडा मेल तिथे दिसतच राहील, पुढचा मेल उघडायला गेला की मग दार बंद. एखादी फाइल डाउनलोड होऊन फोल्डरमध्ये पडली असेल तर तिच्यावर तुमचा काहीच ताबा नाही. मावशीच्या बाबतीत हीच खरी गोष्ट राहिली, मेल बंद झाला पण आधार कार्डाची पीडीएफ त्या डाउनलोड फोल्डरमध्ये होती, आणि त्यासाठी तिला दुसऱ्या दिवशी दुकानात जावंच लागलं. रिमोट लॉगआउट तिथवर पोचत नाही.

दुसरं कारण जरा आतलं आहे. चप्पल स्टँडचा बिल्ला स्वतः काही सांगत नाही, त्याच्यासाठी वही बघावी लागते. आता एसटीचा मासिक पास आठवा. त्यावर नाव, फोटो, कुठून कुठे, कधीपर्यंत, सगळं छापलेलं असतं आणि शिक्का असतो. कंडक्टर डेपोला फोन करून विचारत नाही, शिक्का आणि तारीख बघतो, बसा म्हणतो. बऱ्याच अॅपमध्ये असे शिक्क्याचे पास वापरतात, त्यांना टोकन म्हणतात, कारण लाखो माणसं असली की दर क्लिकला वही उघडणं महाग पडतं. पण मग गोची अशी की पास रद्द केला हे कंडक्टरला कळणार कसं? डेपोने वहीत काट मारली तरी तो वही बघतच नाही, पासवरची तारीख संपेपर्यंत माणूस फिरणार.

यावर काढलेला तोडगा म्हणजे पासची मुदत अगदी कमी ठेवायची, समजा १५ मिनिटं, आणि सोबत एक खरा बिल्ला द्यायचा. पास संपला की अॅप गुपचूप तो बिल्ला दाखवून नवीन पास आणतं आणि त्या वेळी मात्र वही तपासली जाते. म्हणजे तुम्ही पाचला लॉगआउट दाबलं आणि तिकडच्या फोनला चार छप्पन्नला पास मिळाला असेल तर तो पाच वाजून अकरा मिनिटांपर्यंत चालणार. एका अॅपला पाच मिनिटं लागतात, दुसऱ्याला तास, ते या मुदतीवर अवलंबून आहे. बँकेसारख्या ठिकाणी असं चालणार नाही, तिथे दर व्यवहाराला वही बघावीच. चांगलं अॅप असेल तर पानावर सरळ लिहितं की याला थोडा वेळ लागू शकतो, पण बहुतेक जण "यशस्वीरीत्या लॉगआउट केले" असा हिरवा टिक दाखवून मोकळे होतात, जे माझ्या मते खोटं बोलणं आहे.

तिसरं कारण नोटिफिकेशन. हे आमच्याच टीमकडून झालेलं आहे म्हणून अधिकाराने सांगतो. फोनवर नोटिफिकेशन पाठवायचा पत्ता हा सेशनच्या वहीत नसतो, वेगळ्या वहीत असतो. आम्ही सेशनची ओळ खोडत होतो आणि ही दुसरी वही विसरलो होतो. परिणाम असा की हरवलेल्या फोनवरून माणूस लॉगआउट झाला, अॅप उघडत नव्हतं, पण लॉक स्क्रीनवर नवीन मेसेजच्या पहिल्या दोन ओळी येतच होत्या. हे तपासायचं सोपं आहे: दोन फोन घ्या, एकावरून दुसऱ्याला बाहेर काढा, आणि मग स्वतःलाच एक मेसेज पाठवा. दुसरा फोन टुंग वाजला तर त्या अॅपचं लॉगआउट अर्धवट आहे.

"कशाला एवढं, पासवर्ड बदलला की झालं"

बिल्ला दिल्यावर पासवर्डचं काम संपलेलं असतं, हे वर बघितलंच. म्हणजे पासवर्ड बदलला तरी जुने बिल्ले आपोआप मरत नाहीत, ते मारायचे की नाही हे वेबसाइट बनवणाऱ्याने ठरवायचं असतं. गूगल पासवर्ड बदलल्यावर बहुतेक ठिकाणांहून बाहेर काढतं, पण ज्या फोनवर तुम्ही "हो मीच आहे" असं दाबता तो सोडतं, आणि तुम्ही परवानगी दिलेली काही इतर अॅपही चालू राहू शकतात. काही वेबसाइट विचारतात की बाकी सगळीकडून काढू का, आणि काही काहीच करत नाहीत. म्हणून गडबड वाटली तर पासवर्ड बदला आणि नंतर यादीत जाऊन सगळ्या ओळी खोडा, दोन्ही करा. क्रम पण महत्त्वाचा, आधी ओळी खोडल्या आणि जुना पासवर्ड समोरच्याकडे असला तर तो लगेच नवीन बिल्ला घेऊन येतो.

उलटही खरं आहे, फक्त बिल्ला चोरीला गेला असेल तर पासवर्ड बदलायची गरजच नसते. याचं सगळ्यात मोठं उदाहरण फेसबुकचं, सप्टेंबर २०१८. तुमचं प्रोफाइल दुसऱ्याला कसं दिसतं ते दाखवणाऱ्या सोयीत चूक होती, आणि तिच्यातून हल्लेखोरांना दुसऱ्या लोकांचे बिल्ले मिळत होते, पासवर्ड नाही. फेसबुकने काय केलं, धोका असलेल्या सुमारे ५ कोटी आणि खबरदारी म्हणून अजून ४ कोटी खात्यांचे बिल्ले रद्द केले. एका झटक्यात ९ कोटी लोक लॉगआउट. नंतर कंपनीने सांगितलं की प्रत्यक्ष चोरी ३ कोटींच्या आसपास खात्यांची होती. त्या दिवशी फेसबुक उघडल्यावर अचानक पासवर्ड मागितला गेला असेल तर तुम्ही या रिमोट लॉगआउटमध्ये होतात. लोकांना नवीन पासवर्ड ठेवायला सांगितलं नाही कारण तो गेलाच नव्हता.

"चोर घुसला तर यादीत दिसेलच की"

पासवर्ड वापरून घुसला तर दिसेल, कारण त्याला नवीन बिल्ला मिळतो आणि नवीन ओळ येते. पण त्याने तुमचाच बिल्ला कॉपी केला तर वहीत ओळ एकच राहते, तुमची. स्टँडवाल्याला वाटतं तुम्हीच दोनदा आलात. ओटीपीही मध्ये येत नाही कारण ती पायरी आधीच ओलांडून झालीये.

पूर्वी हे अगदी सोपं होतं. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आलं होतं, कॉफी शॉपच्या उघड्या वायफायवर ते लावलं की आजूबाजूच्यांच्या फेसबुकचे बिल्ले हवेतून पकडून, नावफोटोसकट यादी दाखवायचं, डबल क्लिक करा आणि त्यांच्या खात्यात. ते बनवणाऱ्याला हेच दाखवायचं होतं की कंपन्या फक्त लॉगिनचं पान कुलूपबंद ठेवतात आणि पुढचा सगळा प्रवास उघडा. त्यानंतर हळूहळू सगळीकडे पूर्णवेळ एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद रस्ता, आलं आणि वरच्या ओळीतला `Secure` शब्द म्हणजे तोच नियम, हा बिल्ला उघड्या रस्त्याने न्यायचा नाही.

आता चोरी हवेतून नाही, कॉम्प्युटरमधून होते. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्स हे प्रचंड मोठं यूट्यूब चॅनल असंच गेलं होतं, टीममधल्या एकाने स्पॉन्सरशिपचा कागद समजून एक फाइल उघडली आणि तिने ब्राउझरमधले बिल्ले उचलले. पासवर्ड नको, ओटीपी नको. यावर क्रोमच्या टीमने २०२४ मध्ये एक उपाय मांडला, बिल्ला यंत्रातल्या सुरक्षा चिपमध्ये बंद असलेल्या किल्लीशी बांधायचा, म्हणजे बिल्ला कॉपी झाला तरी दुसऱ्या यंत्रावर फार वेळ चालू नये. सगळीकडे चालायला लागलं तर उत्तम, पण त्यासाठी प्रत्येक वेबसाइटला आपापल्या बाजूने ते जोडावं लागतं. तोवर यादी स्वच्छ दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका, खूण बघायची ती म्हणजे तुमच्याच ओळीत गाव अचानक भलतीकडचं, किंवा तुम्ही झोपला होतात त्या वेळेचा वापर.

"आणि चोराने मलाच बाहेर काढलं तर?"

हा प्रश्न बहिणीने विचारला आणि खरंच हुशार प्रश्न आहे. यादी आणि बटण ज्याच्याकडे बिल्ला आहे त्या प्रत्येकाला दिसतं, चोरालाही. आत आल्या आल्या तो "बाकी सगळे बाहेर" दाबेल आणि मालकच रस्त्यावर.

टेलिग्रामने यावर साधा नियम केलाय, नवीन लॉगिन करणाऱ्याला पहिले २४ तास दुसऱ्या सेशनला बाहेर काढता येत नाही. जुन्या ओळींचा मान मोठा. म्हणजे चोर आला की तुमच्या फोनवर सूचना येते आणि तुमच्याकडे एक दिवस असतो त्याला हाकलायला, त्याच्याकडे मात्र तुम्हाला हाकलायचा अधिकार नाही. मला हा नियम फार आवडतो. याची दुसरी बाजू अशी की फोन हरवला आणि तुम्ही नवीन फोनवर लॉगिन केलं तर तुम्हीच "नवीन" ठरता आणि २४ तास अडकता. दुसरा मार्ग म्हणजे हे बटण दाबताना परत पासवर्ड मागायचा, कॉपी केलेल्या बिल्लेवाल्याकडे तो नसतो.

व्हॉट्सअॅपचं गणित वेगळं, तिथे मुख्य फोन हाच मालक आणि बाकीची चार जोडलेली यंत्रं त्याच्या जिवावर. मालकाने हाकलायचं, पाहुण्याने मालकाला नाही. मुख्य फोन १४ दिवसांपेक्षा जास्त वापरला नाही तर पाहुणे आपोआप बाहेर. तो सहा तासांचा आदेशही याच पाहुण्यांबद्दल आहे, आणि त्याच्यामागचा तर्क मला कळतो, झेरॉक्सच्या दुकानात उघडं राहिलेलं व्हॉट्सअॅप वेब सहा तासांत मरेल. पण दुकानात गैरवापर व्हायला सहा तास कशाला, दहा मिनिटं पुरतात, आणि दिवसभर कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅपवरूनच ऑर्डर घेणाऱ्या किराणावाल्याला मात्र रोज दोनदा-तीनदा स्कॅन करत बसावं लागेल. मला विचाराल तर यंत्र ओळखीचं की अनोळखी हे लॉगिन करतानाच विचारायचं आणि अनोळखी असेल तर मुदत तासाभराची द्यायची.

मावशीच्या यादीतली शेवटची ओळ

तर त्या जूनच्या संध्याकाळी दुकानाची ओळ खोडून झाली, पण यादीत अजून एक अँड्रॉइड फोन होता, तिच्या आत्ताच्या फोनपेक्षा वेगळं मॉडेल, शेवटचा वापर अर्ध्या तासापूर्वी. अॅपची ओळ होती म्हणजे मॉडेल खरं, आणि वेळ ताजी, म्हणजे भूतही नाही. मावशी म्हणाली हा माझा नाहीच, काढून टाक. मी तिला म्हटलं आधी पासवर्ड बदल, मग काढ. तिने दोन्ही केलं.

पाच मिनिटांत मागून काकांचा आवाज आला, "अगं माझी कीर्तनाची प्लेलिस्ट कुठे गेली?" चार वर्षांपूर्वी तिने स्वतःचा जुना फोन त्यांना दिला होता, रीसेट न करता, आणि काका इतकी वर्षं तिच्या खात्यावर यूट्यूब ऐकत होते. तिचे सगळे मेलही त्या फोनवर येत होते, फक्त काकांनी ते अॅप कधी उघडलं नव्हतं. निदान ते तरी तसंच सांगतात.